बांध नेमका कुठे आणि किती अंतरावर? उतारावरील धूप मोजण्याचा आणि थोपवण्याचा क्रम

पाणलोटाच्या आराखड्यांत एक चूक वारंवार दिसते. आधी बांधांची जागा ठरते, मग खोदकामाचे अंदाजपत्रक होते आणि सर्वांत शेवटी, नकाशासोबत काहीतरी जोडायचे म्हणून, मृदाऱ्हासाचे समीकरण भरले जाते. खरे तर क्रम याच्या नेमका उलटा हवा, कारण पाऊस आणि मातीचा पोत आपल्याला बदलता येत नाही, पण उताराची लांबी, पिकाचे आच्छादन आणि मशागतीची दिशा बदलता येते, आणि यांपैकी कशाला किती हात घालायचा हे समीकरणच सांगते.

या लेखात एकच शेत शेवटपर्यंत चालवले आहे. सिन्नर-पारनेरच्या पट्ट्यात सर्रास दिसते तसे हे उदाहरणादाखल घेतलेले शेत आहे: डोंगराच्या पायथ्याशी, सरासरी 6 टक्के उताराचे, उताराच्या दिशेने 120 मीटर लांब, 30 सेंटिमीटर खोलीची मुरमाड मध्यम माती असलेले आणि खरिपात बाजरी घेतले जाणारे. वार्षिक पाऊस 600 मिलिमीटर धरला आहे.

समीकरण असे आहे:

```
A = R × K × L × S × C × P
```

A म्हणजे दर हेक्टरी दरवर्षी जागेवरून सुटणारी माती, टनांमध्ये. R ही पावसाची धूपक्षमता, K ही मातीची धूपप्रवणता, L आणि S अनुक्रमे उताराची लांबी आणि तीव्रता, C हा पीक व आच्छादनाचा घटक आणि P हा मशागत व संधारण उपायांचा घटक. हे समीकरण थराथराने होणारी धूप आणि बारीक ओघळी एवढ्यांचाच दीर्घकालीन सरासरी अंदाज देते. घळी, नाल्याचे काठ ढासळणे आणि एखाद्या रात्रीच्या ढगफुटीचे नुकसान त्यात येत नाही, त्यामुळे एका पावसातली हानी सिद्ध करण्यासाठी ते वापरू नये.

टप्पा 1: पाणी कुठून येते ते आधी चालून पाहावे

पहिली फेरी शक्यतो पाऊस पडून गेल्यावर, उताराच्या माथ्यापासून खाली चालत करावी. सोबत मोजपट्टी, खुंट्या, फक्की, पातळी धरण्याची पाण्याची नळी आणि वही एवढे पुरते. वहीत तीन गोष्टी टिपाव्यात: पाणी पसरून वाहायला कुठे सुरुवात होते, ते ओघळीत कुठे गोळा होते आणि गाळ कुठे साचतो.

समीकरणातील उताराची लांबी या नोंदींवरूनच निघते. पाणी पृष्ठभागावरून वाहू लागते तिथे ती सुरू होते, आणि उतार इतका मंदावतो की गाळ बसू लागतो, किंवा पाणी ठळक ओघळीत शिरते, तिथे ती संपते. शेताच्या धुऱ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. आपल्या उदाहरणातील शेताच्या वर मोकळी टेकडी आहे, म्हणजे धुऱ्यापासून मोजलेली 120 मीटर लांबी तेव्हाच खरी ठरेल, जेव्हा टेकडीचे पाणी धुऱ्यावरच अडवले किंवा बाजूला वळवले जाईल. ते काम टप्पा 6 मध्ये येईल आणि ते होणारच आहे असे गृहीत धरून पुढची आकडेमोड केली आहे.

तपासणी: धुऱ्याच्या वरच्या बाजूला पालापाचोळ्याच्या आडव्या रेषा किंवा ताजी वाळू दिसत असेल, तर बाहेरचे पाणी शेतात शिरते आहे. ते न अडवता आत बांध घातले, तर पहिला बांध हमखास फुटतो.

टप्पा 2: R आणि K एकाच एककात आणावेत

सर्वाधिक चुकीची उत्तरे इथे तयार होतात. पावसाच्या तीव्रतेच्या नोंदी हाताशी नसतील, तर आपल्याकडे वार्षिक पावसावरून R काढण्याचे पुढील सूत्र सर्रास वापरले जाते:

```
R = 79 + 0.363 × X      (X = वार्षिक पाऊस, मि.मी.)
```

600 मिलिमीटर पावसाला R जवळपास 297 येतो. मात्र हे उत्तर जुन्या मेट्रिक एककातले, म्हणजे टन-मीटर आणि सेंटिमीटर यांवर आधारलेले आहे. त्याला 9.81 ने गुणल्यावर मेगाज्यूल-मिलिमीटरच्या आंतरराष्ट्रीय एककात सुमारे 2912 मिळतो. अनेक अहवालांत 297 हाच आकडा आंतरराष्ट्रीय एककातील K सोबत गुणलेला आढळतो आणि मग धूप जवळपास दहापट कमी दिसते. कागदावर शेत सुरक्षित ठरते आणि ओढ्यात मात्र गढूळ लोंढा वाहत असतो. अमेरिकी तक्त्यांतील K घेतला असेल, तर आंतरराष्ट्रीय एककासाठी त्याला 0.1317 ने गुणावे लागते.

K काढण्यासाठी गाळकण व अतिबारीक वाळू मिळून होणारे प्रमाण, उरलेली वाळू, सेंद्रिय पदार्थ, मातीची रचना आणि पाणी झिरपण्याचा वेग या पाच गोष्टी लागतात. मृदा आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो, सेंद्रिय पदार्थ नव्हे. त्या आकड्याला 1.724 ने गुणूनच तो वापरावा. उदाहरणातील मातीसाठी आंतरराष्ट्रीय एककात K 0.03 धरला आहे.

टप्पा 3: उतार टक्क्यात मोजावा, सूत्रात कोनाने घालावा

उतार नकाशावरून घेण्यापेक्षा शेतात मोजावा. उपग्रहाच्या उंचीच्या नकाशात एक चौकोन बहुधा 30 मीटरचा असतो, आणि 120 मीटरच्या शेतात असे चारच चौकोन बसतात. पाण्याच्या नळीने दर 20 मीटरवर उंचीतील फरक घ्यावा. नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये. एका शेतात मी सकाळभर आखलेली रेषा दुपारी उलट दिशेने तपासली, तेव्हा तिसऱ्या खुंटीपासून पुढे सगळे चार बोटे खाली गेलेले निघाले. वाकलेल्या नळीच्या घडीत वाटाण्याएवढा बुडबुडा अडकला होता.

```
L = (λ / 22.13)^m
S = 65.41 sin²θ + 4.56 sinθ + 0.065
```

इथे λ ही उताराची लांबी मीटरमध्ये, तर m हा घातांक 5 टक्के व त्याहून जास्त उताराला 0.5, 3 ते 5 टक्क्यांना 0.4 आणि 1 ते 3 टक्क्यांना 0.3 घेतात. 22.13 मीटर ही समीकरण ज्या प्रमाणित वाफ्यावर बेतले आहे त्याची लांबी आहे.

6 टक्के उतार म्हणजे 6 अंश नव्हे, तर सुमारे 3.43 अंश. त्यावरून S 0.573 येतो. चुकून 6 अंश घातले, तर S 1.26 होतो आणि उत्तर दुपटीहून फुगते. 120 मीटर लांबीला L 2.33 येतो, म्हणून L आणि S यांचा गुणाकार सुमारे 1.33.

टप्पा 4: C आणि P तक्त्यातून उचलू नयेत, शेतात पाहून ठरवावेत

C हा केवळ पिकाच्या नावाचा आकडा नाही. धूप करणारा पाऊस ज्या आठवड्यांत पडतो, त्या आठवड्यांत जमीन किती झाकलेली होती, याचा तो भारित मेळ आहे. म्हणूनच सोलापूर-नगर भागातील रब्बी ज्वारीच्या शेताला खरीप ज्वारीचा C लावणे ही ठळक चूक ठरते. रब्बीसाठी राखलेली जमीन जून ते सप्टेंबर वखरून उघडी ठेवलेली असते आणि सप्टेंबरचे मोठे पाऊस तिच्यावर थेट कोसळतात. पीक उभे राहते तेव्हा पाऊस सरलेला असतो. आपल्या बाजरीच्या शेतासाठी C 0.4 धरला आहे. बाजरीत तूर किंवा मटकीचे आंतरपीक दाट आले, तर तो 0.3 पर्यंत खाली येईल असे मानले आहे.

नांगरट आणि पेरणी उताराच्या दिशेने असेल, तर P चे मूल्य 1. उताराला आडव्या, समपातळीतील मशागतीला 3 ते 8 टक्के उतारावर 0.5 घेतात. हा 0.5 मात्र बिनशर्त मिळत नाही. 6 ते 8 टक्के उतारावर लांबी सुमारे 60 मीटरच्या आत असेल, तरच तो धरता येतो. त्यापुढे वरून आलेले पाणी सरींच्या काठावरून उलटते, एक सरी फुटली की खालच्या सगळ्या ओळीने फुटतात आणि आडव्या मशागतीचा लाभ उरत नाही. आपल्या 120 मीटरच्या शेतात नुसती आडवी पेरणी सांगून मोकळे होता येत नाही, ते याच कारणाने.

आता आजची स्थिती मांडू:

```
A = 2912 × 0.03 × 1.33 × 0.4 × 1 = 46.5 टन/हेक्टर/वर्ष
```

एक हेक्टरवर एक सेंटिमीटर जाडीच्या मातीचे वजन साधारण 135 टन भरते, म्हणजे दरवर्षी सुमारे साडेतीन मिलिमीटर माती सुटते. सहन होण्याजोगी धूप मातीच्या खोलीनुसार वर्षाला हेक्टरी 4.5 ते 11.2 टन मानतात. इथे खाली मुरूम असलेला 30 सेंटिमीटरचाच थर आहे, त्यामुळे 11.2 ही कमाल मर्यादा समजून शक्य तितके खालीच राहावे.

टप्पा 5: बांधांचे अंतर काढून समीकरण पुन्हा सोडवावे

शेताच्या मधल्या बांधाचे समीकरणातील मुख्य काम L कमी करणे हे आहे. समतल बांध हलक्या ते मध्यम, पाणी मुरणाऱ्या जमिनीत, कमी पावसात आणि 6 टक्क्यांपर्यंतच्या उतारावर चालतात, म्हणजे आपले शेत मर्यादेच्या काठावर आहे. खोल काळ्या जमिनीत हे बांध उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात त्यांच्या वर पाणी तुंबून पीक पिवळे पडते. तिथे किंवा जास्त पावसात पाणी हळूहळू बाजूला नेणारे ढाळीचे बांध घ्यावेत.

दोन बांधांमधील उभे अंतर, म्हणजे उंचीतील फरक, पाणी चांगले मुरणाऱ्या जमिनीसाठी असा काढतात:

```
VI = 0.3 × (S/3 + 2)      (इथे S = उतार टक्क्यात)
```

6 टक्क्यांना उभे अंतर 1.2 मीटर आणि त्यावरून जमिनीवरचे अंतर 20 मीटर येते. या सूत्रातील S हा टक्क्यातील उतार आहे, मघाचा S घटक नव्हे. दोन्हींचे अक्षर एकच असल्याने गफलत होते. आता लांबी 20 मीटर झाल्यावर L आणि S यांचा गुणाकार 0.545 आणि आडव्या मशागतीचा P 0.5, कारण आता तो रीतसर लागू होतो:

```
A = 2912 × 0.03 × 0.545 × 0.4 × 0.5 = 9.5 टन/हेक्टर/वर्ष
```

हेच बांध घालून मधली नांगरट उताराच्या दिशेने चालू ठेवली, तर उत्तर 19 टन येते. बांध घातल्यावर मशागत कशीही केली तरी चालते, हा समज तेवढ्याने खोटा पडतो.

बांधामुळे लांबी कमी झाल्याचा लाभ L मध्ये घेतला, की त्याच बांधाचा लाभ P मध्ये पुन्हा घेऊ नये. ही दुहेरी वजावट अहवालांत इतक्या सहजतेने होते की उत्तर 2-3 टनांवर आले, तर आधी हाच संशय घ्यावा.

शेतकऱ्याचा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो रास्त असतो. सुमारे 2.6 मीटर पायाचा बांध दर 20 मीटरवर घातला, तर तेरा टक्के जमीन बांधाखाली जाते. अंतर 40 मीटर केले तर उत्तर 13.5 टन येते, जे मर्यादेबाहेर आहे, मात्र दाट आंतरपिकाने C 0.3 वर आणला, तर ते सुमारे 10 टनांवर उतरते. म्हणजे आच्छादन वाढवण्याची खात्री असेल तर अंतर वाढवता येते, फक्त तेव्हा प्रत्येक बांधामागे दुप्पट पाणी येणार हे धरून उंची नव्याने काढावी लागते. आंतरपीक दरवर्षी निभेल असा भरवसा नसेल, तर मी 20 मीटरच धरतो. पुढचा हिशेब त्याच अंतराचा आहे.

टप्पा 6: माथ्यापासून सुरुवात, सांडवा आधी

कामाचा क्रम माथा ते पायथा असाच हवा. धुऱ्याच्या वरच्या टेकडीवर सलग समतल चर खोदावेत. 60 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटर लांबीत 0.27 घनमीटर पाणी मावते, त्यामुळे चरांमध्ये 6 मीटर अंतर ठेवले तर 45 मिलिमीटर वाहते पाणी धरले जाते. माती चराच्या खालच्या बाजूला, काठापासून 30 सेंटिमीटर सोडून टाकावी, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात घसरते. चराचा तळ सपाट नसेल तर तो चर राहत नाही, पाट होतो, आणि जिथे संपतो तिथे नवी घळ पाडतो.

त्यानंतर शेतातील प्रत्येक बांधाच्या सांडव्याची जागा ठरवावी. ती पाणी सुखरूप उतरेल अशा, गवत असलेल्या किंवा दगड लावलेल्या जागीच असावी. खालच्या शेजाऱ्याच्या पेरलेल्या रानात सांडवा सोडणे म्हणजे धूप एका सातबाऱ्यावरून दुसऱ्यावर ढकलणे होय. त्याच्याशी आधी बोलून, गरज पडल्यास दोघांच्या सामाईक धुऱ्याने गवताळ पाट काढावा.

टप्पा 7: बांधाची उंची आणि बांधणी

```
h = √(Re × VI / 50)
```

Re म्हणजे दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या एका दिवसाच्या मोठ्या पावसातून न मुरता वाहणारे पाणी, सेंटिमीटरमध्ये, तर h आणि VI मीटरमध्ये. Re 5 धरला तर h सुमारे 0.35 मीटर येतो, आणि पाणी बांधापासून जवळपास 6 मीटर मागे पसरते. ही 35 सेंटिमीटर म्हणजे सांडव्याच्या माथ्याची पातळी. तिच्यावर सांडव्यातून वाहणाऱ्या पाण्यासाठी 15 आणि मोकळी उंची म्हणून 20 सेंटिमीटर धरून बांधाची बसलेली उंची 70 सेंटिमीटर ठरते. ताजी माती दबते, म्हणून ताजा बांध 80 सेंटिमीटरचा घालावा. माथा 50 सेंटिमीटर आणि बाजूंचा उतार दीडास एक ठेवला, की बसलेल्या बांधाचा पाया 2.6 मीटर होतो.

1. पायाच्या पट्ट्यातील झुडपे मुळासकट काढावीत आणि पट्टा नांगरून घ्यावा. गवतावर ओतलेली माती खालच्या जमिनीशी सांधत नाही आणि त्या सांध्यातून पाणी झिरपू लागते.
2. माती वरच्या बाजूने, उथळ आणि मध्ये मध्ये जागा सोडून घ्यावी. एकच लांब खड्डा केला, तर बांधाला समांतर नाली तयार होते.
3. माती 15 सेंटिमीटरच्या थरांत टाकून ढेकळे फोडावीत आणि प्रत्येक थर चोपावा. जेसीबीचे बकेट वरून एकदा आपटणे म्हणजे चोपणे नव्हे.
4. बांधाचा माथा सर्वत्र एका पातळीत ठेवावा. खोलगट जागी त्यामुळे बांध आपोआप उंच होतो, आणि तो तसाच हवा.
5. बांधाची दोन्ही टोके उताराच्या वर वळवून पातळीत मिसळावीत, म्हणजे पाणी टोकाला वळसा घालत नाही.

तपासणी: काम संपल्यावर बांधाच्या माथ्यावर दर 10 मीटरला नळीने पातळी घ्यावी. माझ्या देखरेखीखालच्या एका बांधावर बैलगाडीसाठी शेतकऱ्याने हातभर जागा खाली दाबून घेतली होती आणि मी ती चालवून घेतली. सांडवा कोरडाच राहिला, सगळे पाणी गाडीवाटेने गेले आणि सकाळी तिथे मांडीएवढी चीर पडलेली होती. वाट हवीच असेल तर ती बांधाला दोन्ही अंगांनी लांब उतार देऊन वरून न्यावी, माथा कापू नये.

टप्पा 8: शेताबाजूच्या ओघळी

ओघळीचा हिशेब समीकरणात नसतो, म्हणून ती आराखड्यातून निसटते. तिच्यात अनगड दगडी बांध घालताना दोन बांधांचे अंतर नजरेने ठरवू नये. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला यावा. माथा मध्यभागी खोलगट आणि कडांना उंच असावा आणि दगड दोन्ही काठांत आत शिरवलेले असावेत. वरून सपाट रचलेला दगडी बांध पाणी काठाकडे ढकलतो आणि काही पावसांत ओघळ बांधाला वळसा घालून दुप्पट रुंद होते. पाणी पडते त्या जागी मोठ्या दगडांचे अस्तर हवे, अन्यथा बांध पुढून उकरला जातो. बारीक दगड बाहेरून आणि मोठे आत लावण्याची सवय सोडून नेमके उलट करावे.

टप्पा 9: पहिल्या दोन पावसांनंतर

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी बांधांवरून चालावे, कारण आठवडाभरात खुणा पुसल्या जातात. बांधाच्या खालच्या अंगाला ओल किंवा बारीक छिद्र दिसले, तर वरून माती न टाकता तेवढा भाग उकरून पुन्हा चोपून भरावा. सांडव्यावर पालापाचोळ्याची रेषा असेल आणि बांधाच्या माथ्यावर नसेल, तर पातळी बरोबर आहे. दोन बांधांच्या मधोमध बोटभर ओघळी दिसत असतील, तर बांध नीट आहे आणि मशागत आडवी झालेली नाही.

बांधाच्या वरच्या बाजूला, सांडव्याच्या समोर, एक खुंटी ठोकून तिच्यावर जमिनीची आजची पातळी खिळ्याने कोरावी. दरवर्षी पावसाळ्यानंतर तिथे बसलेला गाळ मोजता येतो. हा गाळ म्हणजे समीकरणाचे उत्तर नव्हे, कारण काही माती सांडव्यातून पुढे जाते आणि काही वाटेतच बसते. मात्र गाळ 10 सेंटिमीटर झाला, की 35 सेंटिमीटरच्या साठवणीतील 25 उरले असे समजावे आणि पुढच्या मृगाआधी तो गाळ उचलून शेताच्या वरच्या, उघड्या पडलेल्या मुरमावर पसरावा.